बुट्टे मोजा

मोबाइलवर एक सुती कुर्ता पाहिला. निळा, छापील बुट्ट्यांचा, पुढे बटणपट्टी. खाली मापांचे पर्याय. ‘एम’वर बोट ठेवले की सडपातळ बाई दिसते, ‘डबल एक्सेल’वर ठेवले की भरलेल्या अंगाची. दुकानदाराचा हेतू चांगला आहे. पण दोन्ही फोटोंत छातीवरच्या एका ओळीत बुट्टे बाराच होते.

हिशोब साधा आहे. त्याच दुकानाच्या तक्त्यात ‘एम’ची छाती 38 इंच आहे आणि ‘डबल एक्सेल’ची 44. घेर सहा इंचांनी वाढला, म्हणजे पुढच्या भागाला तीन इंच जास्त कापड लागले. बुट्टा दर दीड इंचाला असेल, तर ओळीत आणखी दोन बुट्टे यायला हवेत. मोठ्या मापासाठी कोणी ठसा मोठा कोरत नाही. ठाण तेच, छापही तोच. फोटोत मात्र बुट्टे तेवढेच राहिले आणि प्रत्येक बुट्टा आडवा पसरला. अर्ध्या इंचाचे गोल बटणही लंबगोल झाले. म्हणजे मोठा कुर्ता कोणी शिवलेलाच नाही. लहान कुर्त्याचा फोटो ताणला आहे.

चुण्याही हेच सांगतात. चुणी किती जाड पडेल हे कापडाचे वजन आणि कडकपणा ठरवतात, अंगाचे माप नव्हे. त्यामुळे घेर वाढला की चुण्या रुंद होत नाहीत, वाढतात किंवा जागा बदलतात. कुर्ता छातीत घट्ट असेल, तर बटणांपासून काखेकडे आडव्या रेषा ओढल्या जातात. पोट पुढे असेल, तर पुढचा काठ मागच्यापेक्षा वर उचलला जातो. नितंबांना कमी पडला, तर बाजूचा कट फाकतो. ताणलेल्या फोटोत यातले काहीच नाही. सडपातळ बाईच्याच चुण्या, तेवढ्या रुंद केलेल्या.

गिऱ्हाइकाला नेमके हेच पाहायचे असते. कुर्ता सुंदर आहे हे ‘एम’च्या फोटोतही कळते. आपल्या अंगावर तो कुठे ओढेल आणि कुठे सैल पडेल, हे तिला जाणून घ्यायचे असते. खऱ्या फोटोतही पाठीमागे चिमटे लावून कुर्ता आवळला, की तीच फसवणूक होते.

सगळी मापे दाखवणे परवडत नसेल, तर दोनच दाखवा. पण दोन्ही कुर्ते खरे शिवलेले असोत. कॅमेरा एकाच उंचीवर ठेवा, चिमटे काढा, आणि घालणारीची उंची व कुर्त्याचे माप फोटोखाली लिहा. उरलेल्या मापांचा फोटो नसला तरी चालेल. तिथे इंचांचा तक्ता पुरतो.

तोवर घेणाऱ्यांनी मागवण्याआधी दोन्ही फोटोंतले बुट्टे मोजावेत. ते सारखे भरले, तर तुमच्या मापाचा कुर्ता त्या फोटोत नाही.