एकतीस मार्चची रंगसफेदी

"मालकाचं मीठ खातो, मालक सांगेल तशी एन्ट्री मारतो" हे वाक्य अकाउंट्सवाल्यांच्या तोंडी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो.

आधी एक फरक सांगतो. समजा चालू मालमत्ता ६० लाख आणि चालू देणी ५० लाख. गुणोत्तर झालं १.२. बँकेला हवंय १.३३. मग ३१ मार्चला खात्यातले २० लाख देऊन देणेकरी मिटवायचे. उरले ४० आणि ३०, गुणोत्तर १.३३! एप्रिलमध्ये उधारी पुन्हा जैसे थे. ही रंगसफेदी झाली. देणी खरोखर फेडली, म्हणून आकडा खोटा नाही, पण ज्याला दाखवायचा त्याची दिशाभूल करणारा आहे.

पुढची पायरी मात्र सरळ खोटेपणाची. शेठ म्हणतात, "२५ लाखांचं बिल आजच्या तारखेला फाड, माल नंतर पाठवू." मालाची किंमत १८ लाख, म्हणजे नफा ७ लाखांनी वाढला. गिऱ्हाइकानंच माल थांबवून ठेवायला सांगितलं असेल आणि तो वेगळा काढून तयार असेल, तर अशी विक्री धरता येते. इथे गिऱ्हाइकाला पत्ताच नाही. एप्रिलमध्ये क्रेडिट नोट निघते आणि नवं वर्ष ७ लाखांच्या खड्ड्यातून सुरू होतं. खरा धंदा तेवढाच राहिला आणि पुढच्या मार्चला तेवढाच नफा दाखवायचा तर खड्डा भरायला ७ लाख आणि वर पुन्हा ७ लाख, असा १४ लाखांचा खोटा नफा लागतो, वाढ दाखवायची तर आणखी जास्त.

"एवढ्याशानं काय होतं?" असं विचारणाऱ्यांनी सत्यम आठवावं. जानेवारी २००९ च्या पत्रात रामलिंग राजूंनी कबूल केलं की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सुरुवातीची तफावत किरकोळ होती, असंही त्याच पत्रात आहे.

पकडणं अवघड नाही. मार्चअखेरची बिलं घ्या, गेटचं रजिस्टर आणि ई-वे बिल शेजारी ठेवा, एप्रिलच्या क्रेडिट नोटा चाळा. बिल आहे पण गाडीच बाहेर पडलेली नाही, मग कसली विक्री?

आता नोकरी करणाऱ्यानं काय करावं? मालकाला तोंडावर सांगावं, मग तेच ईमेलवर लिहून ठेवावं. एन्ट्री स्वतः करू नये, ऑडिटरनं विचारलं तर खोटं बोलू नये. तरीही दबाव राहिला तर दुसरी नोकरी बघावी. घरचा हप्ता थकतो, मुलांची फी असते, हे मला कळतं. पण त्या ताळेबंदावर विसंबून कर्ज देणारा आणि उधारीवर माल देणारा, दोघांच्याही घरी हप्ते असतात. मालकानं पगार दिला तो हिशेब लिहायला. खोटी साक्ष त्या पगारात येत नाही.

असो. पटत नसेल तर भांडायला या, चहा माझ्याकडून.