बायोडेटा उतरवताना दुरुस्ती नको, नक्कल हवी

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सुप्यात असो की आणखी कुठे, स्थळांची देवाणघेवाण आता मोबाईलवरच चालते. मुलामुलींचे बायोडेटा फोटोच्या रूपात फिरतात. पण फोटोत शोध घेता येत नाही. त्यामुळे वधू-वर सूचक मंडळे आणि नातेवाईक त्यातील मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने काढतात आणि जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वडील, मामा अशा रकान्यांत भरतात. गडबड होते ती इथेच. यंत्र अक्षर चुकते, ही त्यातली लहान बाब. 'नीट' करण्याच्या नादात माणूस मजकूर बदलतो, ही मोठी.

समजा, एका मुलाच्या बायोडेटात असे लिहिले आहे:

```
जन्मतारीख : ०२/०७/१९९८
जन्मवार   : गुरुवार
जन्मवेळ   : रात्री १२ वा. ४० मि.
उंची      : ५.१०
मूळगाव    : सुपा, जि. अहमदनगर
```

वेळ एकसारखी दिसावी म्हणून कुणी ती २४ तासांच्या घड्याळात ००:४० अशी लिहिली, तर ती २ जुलै सुरू झाल्यानंतरची वेळ ठरते. म्हणजे बुधवारची रात्र उलटल्यानंतरची. पण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. 'गुरुवारी रात्री १२.४०' म्हणताना घरच्यांच्या मनात बहुधा गुरुवार संपतानाची रात्र असते आणि इंग्रजी कॅलेंडरनुसार ती ३ जुलै, शुक्रवार होते. फरक तब्बल २४ तासांचा. चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो. त्यामुळे नक्षत्र बदलते, कधी रासही बदलते. ३६ गुणांपैकी ८ गुण एकट्या नाडीचे असतात आणि नाडी नक्षत्रावरून ठरते. पत्रिका पाहणाऱ्या घरात स्थळ केवळ या एका 'सुधारणे'मुळे नाकारले जाऊ शकते. दोन्हींपैकी कोणता अर्थ खरा, हे फक्त घरचेच सांगू शकतात. म्हणून 'रात्री १२ वा. ४० मि.' हे शब्द तसेच राहिले पाहिजेत.

उंचीचेही तेच. ५.१० म्हणजे पाच फूट दहा इंच. एक्सेलमध्ये 5.10 टाइप केले की तो आकडा दशांश समजला जातो, शेवटचे शून्य गळते आणि 5.1 उरते. वाचणारा त्याला पाच फूट एक इंच समजतो. यावर उपाय सोपा आहे. मजकूर भरण्याआधीच सगळे रकाने 'टेक्स्ट' प्रकारात ठेवावेत. तारखांची उलटापालटही त्याने टळते.

कुटुंबाच्या माहितीत चूक जास्त बोचते. नावांमागची चि., सौ., श्री. काढून टाकण्याची अनेकांना सवय असते. त्याच झटक्यात 'कै.' गेले, तर दिवंगत वडील कागदावर हयात होतात आणि समोरचे लोक पहिल्याच फोनवर त्यांची चौकशी करतात. 'अविवाहित' बहिणीचा पहिला 'अ' घडीच्या रेषेत हरवला, तर तिचे लग्न झालेले दिसते. गावाबाबतही हात आवरावा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी बायोडेटात 'अहमदनगर' असेल तर ते तसेच उतरवावे. कागदावर नुसते 'सुपा' असेल, तर तालुका आपल्या मनाने भरू नये. सुपा पारनेर तालुक्यात आहे, तसे बारामती तालुक्यातही आहे. सोयरीक जुळवताना हा फरक साधा नाही.

मग खरोखरच चूक दिसली तर? त्यासाठी 'शेरा' असा वेगळा रकाना ठेवावा. तारीख आणि वार जुळत नसतील, तर दोन्ही जसेच्या तसे ठेवून 'तारीख-वार जुळत नाही, घरी विचारावे' अशी नोंद करावी. पुसट अंक १ आहे की ९, हे कळत नसेल तर अंदाज न बांधता 'अस्पष्ट' लिहावे. रिकामी जागा रिकामीच ठेवावी. मूळ फोटो शक्यतो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. साध्या फोटोची प्रत पाठवताना दबते आणि बारीक अक्षरांच्या मात्रा, अनुस्वार आधी जातात. शेवटी एकाने फोटो पाहून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने रकाने तपासावेत. सातबाऱ्याची नक्कल ताडून पाहतो तसे.

यात वेळ जातो, हे खरे. एकसारख्या साच्यात नसलेल्या वेळांवर संगणकाला शोध घेणेही जड जाते. तशी गरज असेल तर शोधासाठी शेजारी वेगळा रकाना करावा, पण मूळ रकान्याला हात लावू नये. बायोडेटातील शब्दाला घरचे जबाबदार असतात. उतरवणाऱ्याने बदललेल्या शब्दाला कुणीच जबाबदार नसते आणि त्याचे उत्तर मात्र मुलाच्या किंवा मुलीच्या घरच्यांना द्यावे लागते.