‘केलेच पाहिजे’ आणि ‘करावे’

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस येथे हवामान कराराचा अंतिम मसुदा सभागृहापुढे आला, तेव्हा त्याच्या चौथ्या कलमात विकसित राष्ट्रांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू पडणारी उत्सर्जन-कपातीची उद्दिष्टे घेऊन पुढाकार ‘घेतलाच पाहिजे’ अशा अर्थाचा ‘शॅल’ हा शब्द होता. अमेरिकेने त्यास हरकत घेतली. बंधन आले की करार सिनेटपुढे नेणे आले, आणि तेथे त्याचे काय होणार हे उघड होते. तेव्हा सचिवालयाने मुद्रणदोषांच्या यादीत ही दुरुस्तीही वाचून दाखविली. ‘शॅल’चे ‘शुड’ झाले, ‘पाहिजे’चे ‘करावे’ झाले आणि करार संमत झाला. ऐतिहासिक जबाबदारी मुद्रणदोषात जमा व्हावी, हा योगायोग बोलका आहे!

१९९२च्या रिओ करारनाम्यातील ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ या तत्त्वाचा क्योटोत सरळ अर्थ होता: ज्यांनी आधी धूर सोडला, त्यांच्यावर कपातीचे आकडे बंधनकारक. पॅरिसमध्ये आकडा ज्याने त्याने ठरवावा असे झाले. प्रत्येक राष्ट्राने आपले ‘राष्ट्रनिर्धारित योगदान’ तयार करणे, कळविणे आणि ते गाठण्याच्या हेतूने देशांतर्गत उपाय योजणे मात्र बंधनकारक राहिले. आकडा गाठण्याचे बंधन नाही, त्यासाठी झटण्याचे आहे.

मग वाटेल तो आकडा द्यावा आणि स्वस्थ बसावे काय? या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने दिलेल्या सल्ला-मतात नकारार्थी उत्तर आहे. योगदान ठरविण्याचे स्वातंत्र्य अमर्याद नाही. ते राष्ट्राच्या कुवतीनुसार शक्य तितके महत्त्वाकांक्षी आणि तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याच्या ध्येयास हातभार लावू शकेल असे हवे. त्यासाठी घ्यावयाच्या दक्षतेचा दंडक कठोर आहे, परंतु इतिहास व कुवत पाहून तो राष्ट्रागणिक बदलतो. सल्ला-मत हा निवाडा नव्हे, हे खरे. तरीही पॅरिसला ‘शॅल’ पुसून जे दाराबाहेर घालविले, ते दक्षतेच्या वाटेने पुन्हा आत आले आहे.

भारताचेच उदाहरण घ्या. २००५च्या तुलनेत २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटविण्याचे योगदान २०२२ साली कळविले गेले. उद्या ते ४० टक्क्यांवर थांबले, तर तेवढ्याने करारभंग होत नाही. परंतु कायदे, गुंतवणूक, देखरेख यांपैकी काहीच केले नसेल, तर होतो. हाच निकष युरोपलाही, आणि त्याची कुवत मोठी म्हणून अधिक कडकपणे, लागू पडतो. शिवाय विकसनशील देशांना अर्थसाह्य देण्याबाबत नवव्या कलमातील ‘शॅल’ कोणी पुसलेला नाही. २०२४ साली बाकूत २०३५ पर्यंत वर्षाकाठी ३०० अब्ज डॉलरचे लक्ष्य घाईने संमत झाले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी ते अपुरे म्हणून भर सभेत नाकारले. तो आक्षेप याच शब्दावर उभा करावयास हवा होता.