लॉकर परत करताना : थकबाकी, माफी आणि बेबाकीचा दाखला

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अनेक व्यापारी कुटुंबांचा व्यवसाय आता पुणे-मुंबईकडे विस्तारला आहे. पेढी तिकडे गेली, मात्र मंचर, नारायणगाव किंवा जुन्नरच्या बँकेतील लॉकर तसाच राहिला. दागिने काढून नेले तरी किल्ली परत केली जात नाही आणि भाडे वर्षागणिक वाढत राहते. पुढे बँकेचे पत्र येते, तेव्हा थकबाकीचा आकडा पाहून घरात प्रश्न उभा राहतो : हे सारे भरावे की माफी मागावी?

उदाहरणादाखल मंचरच्या एका कांदा व्यापाऱ्याचे प्रकरण कल्पावे. लॉकरचे वार्षिक भाडे दोन हजार रुपये असून ते तीन वर्षे थकले आहे. त्यावर वर्षाला पाचशे रुपये विलंब आकार आणि एकूण रकमेवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे भाडे ६,००० रुपये, विलंब आकार १,५०० रुपये, कर १,३५० रुपये. एकूण ८,८५० रुपये. माफीचा अर्ज करण्यापूर्वी शाखेकडून अशी वर्षवार फोड लेखी मागून घ्यावी. फोड हाती आल्याखेरीज नेमके काय माफ करायचे, हेच ठरत नाही.

भाड्याची माफी हा ग्राहकाचा हक्क नाही. तो बँकेच्या मर्जीचा भाग आहे. लॉकर त्या काळात ग्राहकाच्या ताब्यात असल्याने मूळ भाडे सहसा सोडले जात नाही. विलंब आकाराची गोष्ट निराळी. बँकेच्या विलीनीकरणानंतर खाते क्रमांक बदलून भाड्याची आपोआप कपात थांबली असेल, किंवा नवा पत्ता लेखी कळवूनही सूचना जुन्या पत्त्यावर गेल्या असतील, तर ते कारण पुराव्यासह मांडता येते. वरील प्रकरणात कुटुंबाने भाडे व त्यावरील कर मिळून ७,०८० रुपये भरण्याची तयारी दाखवावी आणि विलंब आकार व त्यावरील कराचे १,७७० रुपये माफ करण्याची विनंती करावी. शाखा व्यवस्थापकाचा अधिकार अपुरा पडल्यास अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे जातो. म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. मंजुरी लेखी मिळाल्यावरच तडजोडीची रक्कम भरावी. तोंडी होकार अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर निघून जातो.

लॉकर संयुक्त नावावर असल्यास परत करण्याच्या अर्जावर सर्व धारकांच्या सह्या लागतात. धारक दिवंगत असल्यास आधी वारसनोंद झालेल्या व्यक्तीचा किंवा हयात संयुक्त धारकाचा दावा मंजूर करून घ्यावा लागतो; किल्ली घरात आहे म्हणून मुलाने ती परस्पर नेऊन देणे पुरेसे नाही. किल्ली हरवली असेल, तर लॉकर फोडण्याचा व कुलूप बदलण्याचा खर्च ग्राहकावर पडतो. आगाऊ भाडे भरून वर्षाच्या मध्येच लॉकर सोडला, तर उरलेल्या काळाचे भाडे प्रमाणशीर परत मिळते, हे रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या सूचनांत नमूद आहे.

याच सूचनांनुसार सलग तीन वर्षे भाडे न भरल्यास बँक रीतसर सूचना देऊन लॉकर उघडू शकते. म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे. तथापि भाडे भरले एवढ्यानेही निश्चिंत होता येत नाही. कोलकात्यातील अमिताभ दासगुप्ता यांच्या कुटुंबाचा लॉकर बँकेने १९९४ साली भाडे थकल्याच्या कारणावरून फोडला. प्रत्यक्षात काही थकबाकी नव्हती आणि चुकून फोडल्याचे बँकेने पुढे मान्य केले. सात दागिन्यांपैकी दोनच मिळाल्याची त्यांची तक्रार होती. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेला पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. रिझर्व्ह बँकेच्या उपरोक्त सूचना या निकालानंतरच आल्या.

म्हणून शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा. 'हिशेब पूर्ण' एवढा शेरा पुरत नाही. बेबाकीच्या दाखल्यात लॉकर क्रमांक, धारकांची नावे, लॉकर रिकामा करून किल्ली परत घेतल्याची तारीख, भरलेली रक्कम, माफ केलेली रक्कम आणि करार संपुष्टात आल्याचे स्पष्ट वाक्य असावे. त्यावर शाखेचा शिक्का व अधिकाऱ्याची सही असावी. भाड्याच्या हमीसाठी मुदत ठेव ठेवलेली असल्यास ती मोकळी केल्याचाही उल्लेख करून घ्यावा. बचत खात्यातून भाडे कापण्याची स्थायी सूचना त्याच दिवशी लेखी रद्द करावी आणि पुढील एप्रिल-मे महिन्यांत पासबुक भरून पाहावे. लॉकर परत केल्यावरही भाडे कापले गेल्याचे तेथेच ध्यानात येते.

बँकेने दाद दिली नाही, तर प्रथम बँकेकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तेव्हा वर्षवार फोड, पोच घेतलेला अर्ज आणि पैसे भरल्याची पावती हेच ग्राहकाचे साक्षीदार ठरतात.