दोनशे सत्तर रुपयांचा अर्ज

खांडबाऱ्याच्या एका बी.कॉम. झालेल्या मुलाने आर्टिकलशिपचा अर्ज वाचायला दिला. सीए इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप सुटले आहेत, आता दोन वर्षांची उमेदवारी हवी. ‘मी मेहनती व अचूक आहे’ हे वाक्य मी खोडायला लावले. ते प्रत्येक अर्जात असते. मग त्याने गावातल्या किराणा दुकानाची हकीकत सांगितली. तेरीज २७० रुपयांनी जुळत नव्हती. २७० ला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडले असावेत, असे धरून त्याने खतावणी पाहिली. रोजकीर्दीतले ५,६३० खतावणीत ५,३६० झाले होते. हेच लिही, म्हटले. आणि पुढची ओळही लिही, की नऊचा भाग हा फक्त माग आहे, पुरावा नाही. तीच चूक नावे-जमा दोन्ही बाजूंना झाली असती तर तेरीज बिनतक्रार जुळली असती आणि मूळ नोंदीशी ताडल्याशिवाय ती सापडली नसती. ऑडिट करणाऱ्याला अशा माणसाची गरज असते. अंगात दम आहे हेही तसेच दाखवायचे. एप्रिलमध्ये बँक शाखांची ऑडिटे लागली की दिवस संपत नाही. थकल्या डोळ्यांनी केलेल्या बेरजा तो सकाळी पुन्हा तपासतो, ही सवय ‘उशिरापर्यंत थांबेन’ या आश्वासनाहून मोलाची. अर्ज एका पानाचा झाला. सही करण्यापूर्वी त्याने त्यातले आकडे वहीशी पुन्हा ताडून पाहिले.