उरलेल्या पैशाची किंमत

लिलावाचा मोसम जवळ आला की संघांच्या विश्लेषकांकडून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: या खेळाडूची रास्त किंमत किती? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. खेळाडूचा गेल्या काही वर्षांचा खेळ एक आकडा देतो. तुमच्या पर्समध्ये उरलेले पैसे आणि संघात उरलेल्या जागा दुसरा देतात. दोन्ही तक्ते बहुतेक संघ तयार करतात, पण वेगवेगळ्या माणसांकडून. लिलावाच्या टेबलावर बोली चढत असताना ते एकमेकांना भेटतच नाहीत. हे कुठे आणि कसं नडतं, हे पाहण्यासाठी १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत झालेल्या आयपीएल लिलावातली मिचेल स्टार्कची बोली घेऊ. कोलकाता नाइट रायडर्सने त्याला २४.७५ कोटींना घेतलं. तोवर आयपीएलमध्ये एवढी किंमत कोणालाच मिळाली नव्हती.

आधी खेळाचा हिशेब. स्टार्क आयपीएल खेळला होता २०१४ आणि २०१५ मध्ये, बंगळुरूकडून. २७ सामने, ३४ बळी, षटकामागे ७.१७ धावा. हा ७.१७ जसाच्या तसा उचलणं ही पहिली चूक. त्या दोन हंगामांत स्पर्धेचा एकूण धावांचा वेग षटकामागे साडेआठच्या खाली होता, २०२३ मध्ये तो नऊला टेकला. त्यामुळे इकॉनॉमी पाहायची ती त्या हंगामाच्या सरासरीशी ताडून, आणि शक्य असेल तर पॉवरप्ले आणि शेवटची षटकं वेगळी काढून. नवा चेंडू आणि अठरावं षटक टाकणाऱ्याची तुलना मधल्या षटकांत येणाऱ्या फिरकीपटूशी करण्यात अर्थ नाही. ढोबळमानाने स्टार्क सरासरीपेक्षा षटकामागे १.१ धावा कमी देत होता, असं धरू.

आता हा १.१ किती खरा? २७ सामने म्हणजे फार तर शंभरेक षटकं, आणि तीही आठ वर्षांपूर्वीची. एवढ्या षटकांतला चांगुलपणा अर्धा कौशल्याचा आणि अर्धा योगायोगाचा असू शकतो. म्हणून आकडा सरासरीकडे ओढायचा. नियम सोपा आहे: हाताशी असलेली षटकं भागिले ती षटकं अधिक एक स्थिरांक, आणि या अपूर्णांकाने फायद्याला गुणायचं. स्थिरांक किती, हे तुम्ही जुन्या हंगामांवरून ठरवायचं. एका हंगामाच्या आकड्यावरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायचा आणि ज्या स्थिरांकाने चूक सर्वांत कमी येते तो घ्यायचा. जुन्या षटकांचं वजन कमी करून, आंतरराष्ट्रीय टी-२० मधली अलीकडची षटकं जमेस धरून समजा हा अपूर्णांक अर्धा आला. म्हणजे १.१ चे झाले ०.५५.

दुसरी चूक तुलनेच्या पायाची. सरासरी गोलंदाज फुकट मिळत नाही. फुकट, म्हणजे मूळ किमतीला, मिळतो तो सरासरीपेक्षा कमी दर्जाचा. स्टार्क नसता तर तुम्ही ज्याला खेळवलं असतं, त्याच्याशी तुलना करायची. तो सरासरीपेक्षा षटकामागे ०.७ धावा जास्त देतो असं धरलं तर फरक झाला १.२५. दुखापतीचा धोका लक्षात घेऊन चौदाऐवजी बारा सामने धरू. स्टार्कच्या बाबतीत तो धोका कागदावरचा नव्हता. २०१८ साली कोलकात्यानेच त्याला ९.४ कोटींना घेतलं होतं आणि दुखापतीमुळे तो एकही सामना खेळला नव्हता. बारा सामन्यांची ४८ षटकं, म्हणजे ६० धावा. तीन-साडेतीन जास्तीचे बळी धावांत मोडले की आणखी २०. एकूण ८० धावा.

या धावांचे रुपये करायला बाजाराचा दर लागतो. त्या लिलावात दहा संघांकडे मिळून २६२.९५ कोटी होते आणि भरायच्या जागा ७७. प्रत्येक जागेला किमान २० लाख म्हणून १५.४० कोटी बाजूला काढले की खऱ्या चुरशीसाठी साधारण २४७.५० कोटी राहतात. लिलावात विकले जाण्याजोग्या सगळ्या खेळाडूंच्या अशाच जास्तीच्या धावांची तुमच्या तक्त्यातली बेरीज समजा १,६५० आली, तर एका धावेला १५ लाख पडतात. स्टार्कच्या ८० धावांचे १२ कोटी, वर मूळ २० लाख. यातले गृहीत आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण कोणत्याही समंजस गृहीतावर हा हिशेब २४.७५ पर्यंत पोचवणं अवघड आहे.

मग कोलकात्याने दुप्पट पैसे उधळले का? आमच्या मते नाही. त्याचं कारण दुसऱ्या तक्त्यात आहे.

कोलकाता ३२.७० कोटी आणि बारा रिकाम्या जागा घेऊन बसलं होतं. स्टार्कचं नाव येईपर्यंत के. एस. भरत आणि चेतन साकारिया यांच्यावर प्रत्येकी ५० लाख खर्च होऊन ३१.७० उरले होते. वेगवान गोलंदाजी त्यांनी स्वतःच रिकामी केली होती: टिम साउदी, लॉकी फर्ग्युसन, शार्दूल ठाकूर, उमेश यादव यांना लिलावापूर्वी सोडून दिलं होतं. अंतिम अकरात चार परदेशी चालतात. रसेल आणि नारायण ठरलेले, सलामीला एक परदेशी फलंदाज. उरली एकच जागा, आणि तिथे वेगवान गोलंदाजच हवा होता.

इथे धावेला १५ लाख हा सरळ दर मोडतो. बाजारात ४० धावांचे दोन गोलंदाज आणि ८० धावांचा एक यांची किंमत सारखी धरता येईल, पण जागा एकच असेल तर ४० धावांचे दोघे मिळून ८० होत नाहीत. त्यातला एक बाहेर बसतो.

दोन वाटा शेजारी मांडून पाहू. पहिली: स्टार्क, ८० धावा. दुसरी: त्याच्या खालोखालचा परदेशी वेगवान गोलंदाज, समजा १० कोटींना ४५ धावा. दुसऱ्या वाटेवर १४.७५ कोटी वाचतात. पण त्या पैशांत आणायचं काय? हर्षल पटेल, शिवम मावी, उमेश यादव आधीच विकले गेले होते. फलंदाजीत जागा नव्हती. वाचलेल्या पैशांतून भारतीय खेळाडूंच्या जागी फार तर १५ धावांची सुधारणा झाली असती. बेरीज ६०, म्हणजे पहिल्या वाटेपेक्षा २० धावा कमी.

पैसे पुढच्या वर्षासाठी ठेवायचे म्हटलं, तर तीही सोय नव्हती. पुढचा लिलाव मोठा, त्यात सगळ्या संघांची पर्स नव्याने ठरणार होती. न वापरलेल्या रुपयाला त्या दुपारनंतर काहीच मोल नव्हतं. दोन छोट्या लिलावांच्या मधल्या वर्षी हाच रुपया जपून ठेवण्यासारखा असतो. त्यामुळे त्याच खेळाडूची, त्याच आकडेवारीवर, त्याच संघासाठी रास्त किंमत वर्षागणिक बदलते.

आता कोलकात्याची खरी मर्यादा काढता येते. स्टार्कनंतर त्यांनी सात खेळाडू घेतले: मुजीब २ कोटी, रदरफर्ड १.५०, ॲटकिन्सन १, मनीष पांडे ५० लाख आणि २० लाखांचे तिघे, त्यात अंगक्रिश रघुवंशी आणि रमणदीप सिंग. सगळे मिळून ५.६० कोटी. ३१.७० मधून ते वजा केले की २६.१० उरतात. बोली २४.७५ ला थांबली, म्हणजे त्यांच्याकडे आणखी १.३५ कोटींचीच जागा होती.

आणि बोली तिथे का थांबली? कारण समोर गुजरात टायटन्स होते. हार्दिक पंड्या गेल्यामुळे त्यांची पर्स ३८.१५ कोटींची झाली होती. उमरझाई आणि उमेश यादव घेतल्यावर त्यांच्याकडेही ३१ कोटींच्या वर रक्कम होती, म्हणजे कोलकात्याइतकीच. लिलावात किंमत ठरवतो तो हरणारा. विजेता त्याच्यापेक्षा एक पायरी वर जातो, इतकंच. दोन सारख्या जाड पर्स एकाच खेळाडूवर अडल्या की तुमचा १२ कोटींचा तक्ता किमतीचा अंदाज देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक विक्रीनंतर सगळ्या संघांची उरलेली रक्कम, उरलेल्या जागा आणि परदेशी कोटा लिहीत राहणारा एक माणूस टेबलावर हवाच. हे काम कनिष्ठ मुलाकडे देऊन विसरून जाण्यासारखं नाही. गुजरातकडे दिवसअखेर ७.८५ कोटी पडून राहिले, आणि मोठ्या लिलावाच्या तोंडावर पडून राहिलेले पैसे हाही चुकीच्या हिशेबाचा पुरावा असू शकतो.

निकालावरून किंमत ठरवायचा मोह आवरायला हवा. २०२४ च्या पहिल्या दोन सामन्यांत स्टार्कने आठ षटकांत १०० धावा दिल्या, बळी एकही नाही. हंगामाअखेर १७ बळी आणि षटकामागे १०.६१ धावा. आमच्या ८० धावांच्या अंदाजाच्या तो जवळपासही आला नाही. पण बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात ३ बळी, अंतिम सामन्यात १४ धावांत २ बळी, दोन्हीकडे सामनावीर, आणि चषक कोलकात्याकडे. एका हंगामावरून तक्ता बरोबर ठरत नाही, तसा चूकही ठरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीने त्याला ११.७५ कोटींना घेतलं, त्यावरूनही आमचे १२ कोटी खरे ठरत नाहीत. तो लिलाव, त्या पर्स आणि त्या जागा वेगळ्या होत्या.

तक्ता तपासायचा तो असा. ज्यांना घेतलं आणि ज्यांना घेता आलं नाही, त्या सर्वांचे लिलावापूर्वीचे अंदाज जपून ठेवा. हंगाम संपल्यावर दोन्ही गटांची प्रत्यक्ष कामगिरी अंदाजाशी ताडा. घेतलेले खेळाडू सातत्याने अंदाजाखाली आणि हुकलेले अंदाजाइतके किंवा वर असतील, तर तुम्ही नेमके तेच खेळाडू जिंकताय ज्यांच्याबद्दल तुमचा अंदाज फुगलेला आहे. यावर उपाय एकच: सरासरीकडे ओढणारा स्थिरांक वाढवा.

महाराष्ट्र प्रीमियर लीगसारख्या राज्य स्पर्धांत काम करणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. तिथे एका गोलंदाजाच्या हंगामातल्या वीस-पंचवीस षटकांवर बोली लागते. एवढ्या थोड्या षटकांवर शंभरचा स्थिरांक लावला तर फायद्याचा फार तर पाचवा हिस्सा उरतो, आणि तेवढ्यावरच बोली बेतायला हवी.

पुढच्या लिलावाला बसण्याआधी प्रत्येक नावापुढे दोन रकाने भरा: बाजारभावाने किंमत, आणि आपल्या पर्सने परवडणारी मर्यादा. दुसरा आकडा प्रत्येक खरेदीनंतर पुन्हा काढा. आणि मागच्या हंगामाचे असे अंदाज ज्यांनी जपून ठेवले असतील, त्यांनी ते खेळाडूंची नावं झाकून आमच्याकडे पाठवावेत. पुरेसे तक्ते जमले की स्थिरांक किती असावा, यावर याच मासिकात सविस्तर लेख देऊ.