घरे कोणी निवडली?

वस्तीच्या पाण्याचा, रेशनचा किंवा शाळागळतीचा अहवाल घेऊन गेलो की समोरचा अधिकारी आकडे फारसे वाचत नाही. तो एवढेच विचारतो, "ही घरे निवडली कोणी?" एका कार्यालयात मला हा प्रश्न ऐकावा लागला. त्यामागे टाळाटाळ होती, पण प्रश्न म्हणून तो अगदी रास्त होता. माझे मत असे आहे की नागरिकांच्या प्रत्येक सर्वेक्षणाने याचे उत्तर आधीच छापून ठेवावे, आणि ते असे असावे की विरोधकालाही घरबसल्या तपासता येईल.

एक काल्पनिक प्रभाग घेऊ. त्यात 6000 घरे आहेत. इमारतींत 3600, चाळींत 2160 आणि नाल्याकाठच्या वस्तीत 240. आपल्याकडे 150 घरांना भेटी देण्याइतकेच मनुष्यबळ आहे. सगळ्या घरांची एकच यादी करून त्यातून 150 घरे काढली, तर तो साधा यादृच्छिक नमुना. त्यात प्रत्येक घराला सारखी संधी मिळते, म्हणून तो न्याय्य वाटतो. पण नाल्याकाठची घरे एकूण घरांच्या 4 टक्के आहेत, म्हणजे नमुन्यात त्यांची सरासरी 6 घरे येणार. सरासरी 6 म्हणजे दर वेळी 6 नव्हे. अशा सोडतीत साधारण सातांतून एकदा त्या वस्तीची तीन किंवा त्याहूनही कमी घरे हाती लागतात. बरोबर सहा आली तरी एका घराचे उत्तर बदलले की वस्तीची टक्केवारी 17 ने हलते. कोणाच्याही मनात दुजाभाव नसताना लहान समूह अहवालातून असा नाहीसा होतो.

यावर उपाय स्तरित नमुन्याचा. यादीचे आधीच तीन थर करायचे आणि प्रत्येक थरातून स्वतंत्र सोडत काढायची. समजा, इमारतींतून 72, चाळींतून 48 आणि नाल्याकाठून 30 घरे घेतली. बेरीज तीच, 150. पण आता वस्तीबद्दल काही ठामपणे बोलता येते.

इथेच अनेक अहवाल घसरतात. समजा, रोज पाणी येत नाही असे इमारतींतल्या 9, चाळींतल्या 12 आणि नाल्याकाठच्या 24 घरांनी सांगितले. एकूण 45. मग 150 पैकी 45, म्हणजे प्रभागातल्या 30 टक्के घरांना रोज पाणी नाही, असे छापायचा मोह होतो. हा आकडा चुकीचा आहे, कारण आपण नाल्याकाठची घरे मुद्दाम जास्त घेतली होती. इमारतीतले निवडलेले एक घर 50 घरांच्या वतीने बोलते (3600 भागिले 72), चाळीतले 45 घरांच्या आणि नाल्याकाठचे फक्त 8 घरांच्या. हा भार लावला की 9 गुणिले 50, अधिक 12 गुणिले 45, अधिक 24 गुणिले 8, मिळून 1182 घरे होतात. 6000 पैकी 1182 म्हणजे 19.7 टक्के. प्रभागाचा आकडा 30 वरून 20 च्या आत आला, पण नाल्याकाठचा 80 टक्केच राहिला. तोही अंदाजच आहे. 30 घरांच्या नमुन्यात 13-14 टक्के इकडेतिकडे धरावे लागतात. तरीही 67 टक्के धरले काय किंवा 93, निष्कर्ष बदलत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे छापावेत. फुगवलेला एक आकडा पकडला गेला की खरा आकडाही त्याच्याबरोबर बुडतो.

आता मूळ प्रश्न. 72, 48 आणि 30 हे ठरले, पण नेमकी कोणती घरे? आपल्याकडे चिठ्ठ्या टाकायची पद्धत आहे. 8 एप्रिल 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. हीदेखील स्तरित निवडच. महाराष्ट्राच्या 288 जागांतून 1440 केंद्रे येतात आणि एकही मतदारसंघ सुटत नाही. केंद्रे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठी काढून ठरतात. जो तिथे हजर आहे त्याला हे पुरते. पण जो हजर नव्हता, त्याला ती सोडत पुन्हा काढून पाहता येत नाही.

संगणकावर ती काढता येते. संगणकाचे यादृच्छिक आकडे खरे तर एका सूत्रातून निघतात आणि सूत्राची सुरुवात ज्या आकड्याने होते त्याला सीड म्हणतात. सीड तोच, यादी तीच आणि प्रोग्रॅम तोच असेल, तर निवडही तीच येते. पायथनमध्ये काम एवढेच आहे:

```python
import random
seed = "3508174296"
for s in sorted(houses):
    rng = random.Random(seed + s)
    print(s, rng.sample(sorted(houses[s]), quota[s]))
```

इथे प्रत्येक थराचे नाव सीडला जोडले आहे, म्हणजे चाळींची संख्या बदलली तरी नाल्याकाठची निवड हलत नाही. `sorted` महत्त्वाचे आहे. यादीतल्या दोन ओळींची अदलाबदल झाली, तरी त्याच सीडने वेगळी घरे येऊ शकतात. भाषेची आवृत्तीही नोंदवावी लागते. आर या भाषेत 2019 च्या 3.6.0 आवृत्तीपासून `sample()` ची मूळ पद्धत बदलली आणि जुन्याच सीडने वेगळे नमुने येऊ लागले. बंद घरांची सोयही सोडतीतच करावी. 30 हवी असतील तर 40 काढावीत आणि शेवटची दहा क्रमाने राखीव ठेवावीत. कुलूप दिसले म्हणून कार्यकर्ता शेजारच्या घरात शिरला, की सोडतीचा अर्थ संपतो.

पण सीड छापला म्हणजे प्रामाणिकपणा सिद्ध झाला, असे मानायला मी तयार नाही. मी रात्री पन्नास सीड वापरून पाहिले आणि ज्यात माझ्या ओळखीची जास्त घरे आली तो सकाळी छापला, तर माझी निवड कोणीही पुन्हा काढून पाहू शकेल, ती तंतोतंत जुळेल आणि तरीही ती लबाडीच असेल. म्हणून सीड कोणी आणि केव्हा ठरवला, हे तो किती आहे यापेक्षा मोठे आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2017 पासून मतमोजणीच्या राज्यव्यापी तपासणीत याची चांगली व्यवस्था लावली आहे. आधी प्रत्येक काउंटी आपल्या मतपत्रिकांची यादी गोठवते आणि त्या फाइलचा एसएचए-256 हा ठसा नोंदवते. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. त्यानंतर जाहीर बैठकीत दहा बाजूंचे फासे टाकून 20 अंकी सीड तयार होतो. यादी आधी आणि फासे नंतर, हा क्रम उलटला तर यादीत फेरफार करायला वाव राहतो.

आपल्याला हे सहज परवडते. यादी पूर्ण झाली की तिचा ठसा गटावर टाकावा. पुढच्या रविवारी मोहल्ल्याच्या बैठकीत दहा चिठ्ठ्यांवर 0 ते 9 अंक लिहून, दर वेळी चिठ्ठी परत टाकून, दहा जणांनी एकेक अंक काढावा. त्यात आपल्या विरोधकालाही एक अंक काढू द्यावा. अहवालाच्या पहिल्या पानावर थर, प्रत्येक थरातली घरे, ठसा, सीड आणि पायथनची आवृत्ती छापावी. लोकांचे पत्ते उघडे पडू नयेत म्हणून यादीत फक्त सांकेतिक क्रमांक ठेवावेत.

यातून यादीतच नसलेली घरे सापडणार नाहीत, आणि उत्तर देणारा खरे बोलतो की नाही हेही कळणार नाही. मात्र "घरे कोणी निवडली?" असे कोणी विचारले, तर त्याच्यासमोर सीड ठेवून "तुम्हीच काढून पाहा" एवढे म्हणता येईल.